सामायिक प्रिंटर: कागद भरणे आणि अडकलेला कागद काढणे (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

दुसऱ्या मजल्यावरच्या प्रिंटरबद्दल प्रशासन विभागाकडे सतत येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. हे काळे-पांढरे छापणारे लेझर यंत्र आहे. वरच्या ट्रेमध्ये ए-४ आणि खालच्या ट्रेमध्ये लीगल कागद असतो, पुढच्या बाजूला सुटा कागद घालायची फळी आहे आणि डोक्यावर स्कॅनर. घाईत असाल तर थेट प्रश्न ५ वर जा.

१. ट्रेमध्ये कागद नेमका कसा भरायचा?

ट्रे पूर्ण बाहेर काढून टेबलावर ठेवा. अर्धा ओढून वरच्या फटीतून कागद सरकवू नका, कारण तसे करताना मागची कड दुमडली तरी दिसत नाही. ट्रेमध्ये जुने कागद उरले असतील तर तेही बाहेर घ्या, नव्या कागदात मिसळा आणि सगळी चळत टेबलावर लांबीकडून व रुंदीकडून ठोकून कडा एकसारख्या करा. उरलेल्या कागदांवर नुसता नवा गठ्ठा ठेवला तर दोन थरांच्या सांध्यावर कागद हमखास तिरका जातो.

चळत ट्रेमध्ये सपाट बसली पाहिजे आणि चारही कोपरे खाली टेकले पाहिजेत. मग दोन्ही बाजूंच्या हिरव्या सरकत्या पट्ट्या आणि मागची पट्टी कागदाला लावा. ‘लावा’ म्हणजे पट्टी कागदाला टेकावी, पण दाबू नये. पट्टी सैल राहिली तर कागद तिरका आत जातो. फार घट्ट झाली तर चळत मधे फुगते आणि रोलरला कागद उचलता येत नाही. बोटाने मधोमध हलके दाबून पाहा. कागद खाली जाऊन परत वर येत असेल तर पट्टी अर्धा मिलिमीटर सैल करा.

ट्रे आत ढकलताना सावकाश ढकला. धाडकन लावला की वरचे दहा-बारा कागद पुढे सरकतात आणि पहिलेच पान अडकते. ट्रे लावल्यावर स्क्रीनवर आकार विचारला जातो. तिथे A4 दिसत असेल तरच OK दाबा.

२. एका वेळी पूर्ण रीम भरली तर चालेल का?

नाही. रीममध्ये ५०० कागद असतात आणि आपल्या प्रत्येक ट्रेमध्ये २५० मावतात, म्हणजे अर्धी रीम, साधारण अडीच सेंटीमीटर उंचीची चळत. ट्रेच्या आतल्या बाजूला त्रिकोणी खूण आणि एक रेघ आहे. चळत त्या रेघेच्या खालीच राहिली पाहिजे. कागद जाड असेल तर २५० च्या आधीच रेघ गाठली जाते, तेव्हा कागद मोजू नका, रेघ पाहा. उरलेल्या अर्ध्या रीमचे काय करायचे ते प्रश्न ४ मध्ये आहे, आणि पावसाळ्यात ते उत्तर फार महत्त्वाचे आहे.

३. कागदाची कोणती बाजू वर ठेवायची?

रीमच्या वेष्टनावर बहुधा बाण छापलेला असतो. बाण ज्या बाजूकडे दाखवतो ती आधी छापायची बाजू. आपल्या ट्रेमध्ये खालच्या बाजूवर छपाई होते, त्यामुळे ती बाजू खाली ठेवा. साध्या ७५ किंवा ८० जीएसएमच्या कागदाला उलटसुलट ठेवल्याने एरवी फारसा फरक पडत नाही. पण छापून येणारी पाने सुरळीसारखी वळत असतील तर चळत उलटी करून पाहा. बऱ्याचदा तेवढ्याने वळणे कमी होते.

४. उघडलेली रीम कुठे ठेवायची? पावसाळ्यात कागद जास्त अडकतो, हे खरे का?

खरे आहे. कागद हवेतले पाणी शोषतो आणि सादळतो. सादळलेला कागद कडेला लाटेसारखा होतो, एकमेकांना चिकटतो आणि मऊ पडल्यामुळे वळणावर ताठ न राहता दुमडतो. जून ते सप्टेंबरमध्ये रात्री एसी बंद झाला की ट्रेमधल्या कागदाला आठ-दहा तास दमट हवा लागते. सोमवारी तर दोन दिवसांची.

रीमचे वेष्टन आतून ओलावा रोखणारे असते, म्हणून ते फाडून फेकू नका. एका टोकाने उघडा, अर्धे कागद काढा, टोक पुन्हा घडी घालून चिकटपट्टीने बंद करा आणि रीम यंत्राशेजारच्या कपाटात आडवी ठेवा. जमिनीवर, खिडकीखाली किंवा पाण्याच्या कूलरजवळ नको. रीम उभीही ठेवू नका, कारण वजनाने कागदाला कायमचा बाक येतो. पावसाळ्यात शुक्रवारी संध्याकाळी ट्रेमध्ये शंभरच्या आसपासच कागद राहतील असे पाहतो आहोत. शुक्रवारी चारनंतर ट्रे भरायची वेळ आली तर काठोकाठ भरू नका.

छापून बाहेर येणाऱ्या पानांबरोबर थोडी वाफ दिसली तर घाबरू नका. कागदातले पाणी गरम रोलरखाली उडते, ती वाफ असते. जळका वास येत असेल तर गोष्ट वेगळी, त्यासाठी प्रश्न १६ पाहा.

५. कागद अडकला आहे. सगळ्यात आधी काय करू?

यंत्र बंद करू नका. बंद केले की कागद कुठे अडकला हे दाखवणारे स्क्रीनवरचे चित्र जाते आणि रांगेत थांबलेली इतरांची कामेही पुसली जातात. Paper Jam या शब्दांखाली कोणते दार उघडायचे ते दाखवलेले असते. तिथूनच सुरुवात करा.

चित्र समजले नाही तर कागद ज्या वाटेने जातो त्याच क्रमाने पाहत जा. कागद ट्रेमधून निघतो, वर वळतो, पुढच्या दारामागे टोनरखालून जातो, मागच्या बाजूला गरम रोलरमधून निघतो आणि वरच्या खाचेतून बाहेर पडतो. म्हणून आधी वरचा ट्रे पूर्ण बाहेर काढा आणि त्या पोकळीत पाहा. तिथे काही नसेल तर पुढचे दार उघडून टोनरचा भाग मुठीला धरून सरळ बाहेर घ्या आणि मागे पाहा. तिथेही नसेल तर मागचे दार. कागद लीगल असेल तर या सगळ्याआधी खालचा ट्रे.

टोनरचा भाग बाहेर काढल्यावर तो जुन्या कागदावर सपाट ठेवा आणि वर दुसरा कागद झाका. त्यातल्या चकचकीत नळकांड्यावर, म्हणजे ड्रमवर, उजेड फार वेळ पडला तर छपाईवर डाग येतात. त्याला बोटही लावायचे नाही.

एका जागी कागद सापडला म्हणून थांबू नका. एक कागद अडकला तेव्हा त्याच्यामागचा दुसरा बहुधा ट्रेमधून निघालेला असतो. बाकीच्या दोन जागाही पाहा आणि मगच दारे बंद करा.

६. अडकलेला कागद कोणत्या दिशेने ओढायचा?

शक्य तिथे कागद ज्या दिशेने चालला होता त्याच दिशेने. दोन्ही हातांनी, कागदाचे दोन्ही कोपरे धरून, सावकाश आणि सरळ. एका कोपऱ्याला धरून ओढलेला कागद तिरका फाटतो आणि फाटलेला तुकडा आत राहतो. आमच्याकडे आलेल्या तक्रारींपैकी सर्वांत त्रासदायक तक्रारी अशाच तुकड्यांच्या होत्या.

यालाही अपवाद आहे. कागदाचे फक्त टोक आत गेले असेल आणि बाकी सगळा कागद ट्रेमध्येच असेल, तर तो मागे, ट्रेच्या बाजूला ओढा. कागद अर्ध्याहून जास्त आत गेला असेल तर ट्रेमधून ओढू नका, पुढच्या दारातून काढा. मागच्या दारात कागद दिसला तर आधी दोन्ही बाजूंचे हिरवे खटके खाली दाबा. त्याने गरम रोलरची पकड सैल होते. खटके न दाबता ओढायला गेलात तर ताकद लावावी लागते, आणि ताकद लावावी लागली की काहीतरी चुकते आहे असे समजा. कागद काढल्यावर खटके पुन्हा वर करायला विसरू नका, नाहीतर पुढच्या पानावरची शाई बोटाने पुसली जाईल.

७. ओढताना कागद फाटला आणि तुकडा आत राहिला असे वाटते. कसे कळणार?

बाहेर आलेले सगळे तुकडे टेबलावर जोडून मांडा. ए-४ कागद २१० बाय २९७ मिलिमीटरचा असतो, त्यामुळे शेजारी एक कोरा कागद ठेवून त्यावर तुकडे लावले की उणीव लगेच दिसते. आधी चार कोपरे मोजा. तीनच असतील तर चौथा यंत्रात आहे.

मग मोबाइलचा उजेड पाडून तीनही जागा पुन्हा पाहा. तुकडा दिसला आणि बोटांनी धरता आला तर काढा. पट्टी, कात्री, चिमटा किंवा पेन आत घालू नका. रोलरवर पडलेला ओरखडा नंतर प्रत्येक पानावर काळी रेघ होऊन येतो. तुकडा दिसत नसेल तर यंत्रावर ‘वापरू नये, तुकडा आत आहे’ अशी चिठ्ठी लावा आणि प्रशासन विभागाला कळवा. तुकडा कुणाच्या हातून राहिला हे आम्ही विचारणार नाही. तो आत आहे हे आम्हाला कळणे महत्त्वाचे आहे, आणि का ते प्रश्न १० वाचून लक्षात येईल.

८. सगळा कागद काढला, तरी स्क्रीनवर तोच संदेश का?

कागद गेला की नाही हे यंत्राला कळते ते वाटेतल्या छोट्या काळ्या प्लास्टिकच्या जिभांमुळे. कागद आला की जीभ दबते, गेला की उठते. एखादी जीभ बारक्या कपट्याखाली दबून राहिली तर यंत्राच्या दृष्टीने कागद अजून तिथेच असतो. पुढचे दार आणि मागचे दार उघडून या जिभा बोटाच्या टोकाने हलक्या दाबून सोडा. त्या आपोआप परत उठल्या पाहिजेत. मग दोन्ही दारे टक असा आवाज येईपर्यंत बंद करा. अर्धवट लागलेल्या दारामुळेही हाच संदेश राहतो, आणि बऱ्याचदा कारण एवढेच निघते.

९. आत हात घालताना भाजेल का? काळी पूड हाताला लागली तर?

मागच्या दारामागचा रोलर टोनरची पूड वितळवून कागदात बसवतो. तो १८० ते २०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापतो. पिवळे चिन्ह चिकटवलेल्या भागाला हात लावू नका. कागद त्याच्या अगदी आत गुंतला असेल तर दार उघडे ठेवून किमान १५ मिनिटे थांबा. पुढच्या दारामागे मात्र भाजण्यासारखे काही नाही. तिथल्या काळ्या स्पंजच्या रोलरला तेवढे बोट लावू नका, कारण हाताचे तेल लागले की छपाई फिकी पडते.

गरम रोलरपर्यंत पोहोचण्याआधीच अडकलेल्या कागदावरची पूड सुटी असते. तो कागद कपड्यांपासून दूर धरा. हाताला किंवा कपड्याला पूड लागली तर आधी कोरड्या कापडाने झटका आणि मग गार पाण्याने धुवा. गरम पाण्याने ती कापडात बसते.

१०. दिवसातून चार-पाच वेळा कागद त्याच जागी अडकतो. नेमके काय बिघडले आहे?

कागद कुठे अडकतो यावरून कारण कळते, म्हणून प्रत्येक वेळी जागा लक्षात ठेवा. ट्रेच्या तोंडाशी अडकत असेल तर दोष बहुधा कागदाचा, चळतीचा किंवा कागद उचलणाऱ्या रबरी रोलरचा. पुढच्या दारामागे अडकत असेल तर कागद तिरका येतो आहे किंवा वाटेत काहीतरी आहे. मागे अडकत असेल तर कागद सादळलेला आहे, फार पातळ आहे किंवा गरम रोलर झिजला आहे.

गेल्या जुलैतली गोष्ट सांगतो. सोमवारी सकाळपासून दुपारपर्यंत पाच वेळा कागद अडकला. सगळ्यांनी दमट हवेला दोष दिला, मीही दिला. ट्रे रिकामा करून नवी रीम उघडली, तरी सहाव्यांदा अडकला. तेव्हा अडकलेले सगळे कागद शेजारी शेजारी लावले. प्रत्येकाची पुढची कड डाव्या बाजूला, कोपऱ्यापासून साधारण चार बोटांवर, पंख्यासारखी दुमडलेली होती. कागद सादळल्यामुळे अडकला असता तर घड्या दर वेळी वेगळ्या जागी पडल्या असत्या. सहाही कागद एकाच ठिकाणी दुमडतात, म्हणजे तिथे काहीतरी आडवे आले आहे. टोनर काढून उजेड पाडला तर डावीकडे, टोनरच्या आधी कागद सरळ करणाऱ्या रोलरखाली, अंगठ्याच्या नखाएवढा त्रिकोणी तुकडा होता. त्यावर शुक्रवारच्या उपस्थिती तक्त्याची रेघ दिसत होती. शुक्रवारी संध्याकाळी घाईत कुणीतरी कागद ट्रेमधून मागे ओढला होता, आणि कोपरा आत राहिला होता. तुकडा निघाला आणि त्या आठवड्यात पुन्हा कागद अडकला नाही.

म्हणून अडकलेला कागद चुरगाळून टोपलीत टाकू नका. यंत्राशेजारच्या पिवळ्या फाइलमध्ये ठेवा आणि वर तारीख व जागा लिहा. चार कागद जमले की कारण बहुतेक वेळा आपोआप दिसते.

११. दोन-तीन कागद एकदम का ओढले जातात?

कागद एकमेकांना चिकटलेले असतात म्हणून. रीम कापताना कडा दाबल्या जातात, कोरड्या हवेत कागदांत स्थिर विद्युत साठते आणि दमट हवेत ओलावा येतो. चळत दोन्ही हातांत धरून धनुष्यासारखी वाकवा, सोडा, उलट बाजूने पुन्हा वाकवा, मग कडा फडफडवा आणि टेबलावर ठोकून सारख्या करा. वेगवेगळ्या रीममधले, वेगळ्या जाडीचे कागद एका चळतीत मिसळू नका. एवढे करूनही जोडीने कागद येत राहिले तर ट्रेच्या तोंडाशी असलेली कागद वेगळे करणारी रबरी पट्टी झिजलेली असते. ती तंत्रज्ञच बदलतो.

१२. पाठकोरे कागद ट्रेमध्ये घालून छापले तर चालतील का? कागद वाया जातो याचे वाईट वाटते.

वाईट वाटणे योग्यच आहे, पण पाठकोरे ट्रेमध्ये घालू नका. एकदा गरम रोलरमधून गेलेल्या कागदाला बाक आलेला असतो आणि त्यावरचा जुना टोनर पुन्हा थोडा वितळून रोलरला चिकटू शकतो. स्टेपलरची पिन काढली तरी भोकाची कड वर उचललेली राहते आणि पुढच्या कागदात अडकते. विसरलेली एक पिन आत गेली तर ड्रमवर ओरखडा उठतो आणि तो भाग बदलावा लागतो.

मसुदा छापायलाच हवा असेल तर सपाट, पिन कधीच न लागलेले, लेझर प्रिंटरवरच छापलेले पाठकोरे एकेक करून पुढच्या फळीतून घाला. इंकजेटवर छापलेले नकोत. बाकीचे पाठकोरे कच्च्या टिपणांच्या वह्यांसाठी स्वागतकक्षातल्या खोक्यात ठेवा, तिथून ते दर महिन्याला बांधून घेतले जातात.

१३. ट्रे भरलेला आहे, तरी यंत्र कागद मागते. का?

स्क्रीनवर कोणता आकार मागितला आहे ते वाचा. Letter असे लिहिले असेल तर दोष ट्रेचा नाही, तुमच्या फाइलचा आहे. परदेशातून आलेल्या किंवा इंटरनेटवरून उतरवलेल्या अनेक फाइल लेटर आकारात असतात. तो कागद २१६ बाय २७९ मिलिमीटरचा, म्हणजे ए-४ पेक्षा किंचित रुंद आणि आखूड. आपल्याकडे तो नसतो. काम रद्द करा, फाइलमध्ये पानाचा आकार A4 करा किंवा छापताना Fit to page निवडा, आणि पुन्हा पाठवा. स्क्रीनवर नुसते OK दाबून रेटू नका, कारण कडेचा मजकूर कापला जाऊ शकतो.

याउलट, ट्रे २ मध्ये लीगलऐवजी कुणी ए-४ भरला तर कागद अपेक्षेआधी संपतो आणि यंत्र तो अडकला असे समजते. कागद कुठेच दिसत नसताना संदेश येत असेल तर हे तपासा.

१४. वर स्कॅन करताना माझा मूळ कागदच अडकला. तो फाटायला नको आहे.

जिथून कागद आत जातो तिथले वरचे झाकण पूर्ण उचला, म्हणजे रोलर वर जातात आणि कागद मोकळा होतो. झाकण बंद असताना ओढू नका. तिथे दिसला नाही तर स्कॅनरची काच उघडा आणि झाकणाच्या खालच्या बाजूने पाहा.

पिन, यू-पिन, चिकट चिठ्ठी, ओली व्हाइटनर किंवा दुमडलेला कोपरा असलेला कागद या वाटेने घालू नका. जुना दाखला, सातबारा, पातळ पावती किंवा पुन्हा मिळणार नाही असा कोणताही कागद थेट काचेवर ठेवून स्कॅन करा. वेळ जास्त जातो, पण कागद सुरक्षित राहतो.

१५. लिफाफे, स्टिकर, हिरवा लेजर पेपर कुठून छापायचे?

पुढच्या फळीतून, एका वेळी एकच, आणि मागचे दार उघडे ठेवून. दार उघडे असले की कागद वर न वळता सरळ मागे बाहेर पडतो, त्यामुळे जाड कागदाला घडी पडत नाही. संगणकावर कागदाचा प्रकारही जाड असा निवडा, नाहीतर टोनर नीट बसत नाही. करारासाठी आणलेला मुद्रांकाचा कागद घालण्याआधी त्याच आकाराच्या साध्या कागदावर एकदा छापून पाहा.

एकही लेबल निघालेला स्टिकरचा कागद घालू नका, उघडा पडलेला गोंद गरम रोलरला चिकटतो. ‘लेझरसाठी’ असे न लिहिलेल्या पारदर्शक प्लास्टिक शीट अजिबात नकोत, त्या आत वितळतात.

१६. माझे काम अर्धवट छापले गेले. पुन्हा पाठवू का? आणि कधी थांबून तुम्हाला बोलवू?

पुन्हा पाठवू नका. अडकलेला कागद काढून दारे लावली की यंत्र बहुधा राहिलेल्या पानापासून स्वतःच सुरू होते. दोन मिनिटे थांबा. पगाराची किंवा गोपनीय पाने छापत असाल तर यंत्रापासून हलू नका, कारण कागद काढणाऱ्या पुढच्या माणसाच्या हातात ती पाने पडतील.

जळका वास आला, कागद काढायला ताकद लावावी लागली, तुकडा आत राहिला किंवा एकाच तासात तीनदा कागद अडकला, तर थांबा आणि प्रशासन विभागात येऊन सांगा. वास जळका असेल तर सांगण्याआधी भिंतीवरचे बटण बंद करा. यंत्र चालू ठेवण्याच्या नियमाला एवढाच अपवाद आहे.